अर्ज पाठवून आठवडा झाला, उत्तर नाही

नोकरीचा अर्ज ईमेलने पाठवला की पहिले दोन दिवस माणूस निवांत असतो. तिसऱ्या दिवसापासून फोन उघडझाप सुरू होते. सातव्या दिवशी प्रश्न पडतो: आता विचारावे का? विचारले तर उतावीळ वाटू का? नाही विचारले तर अर्ज तिथेच पडून राहील का? घरातले वडीलधारे सांगतात, ‘थांब, त्यांना गरज असेल तर बोलावतील.’ मित्र म्हणतो, ‘रोज एक मेल टाक, त्याशिवाय कोणी बघत नाही.’ माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पाठपुराव्याचा एक मेल जरूर पाठवावा. मात्र तो कधी पाठवायचा, हे आपल्या मनातल्या धाकधुकीने ठरवायचे नसते. तो ज्या टेबलावर पोहोचणार आहे, तिथे त्या दिवशी कोणते काम चालू आहे, यावरून ठरवायचे असते.

एक उदाहरण घेऊ. राजगुरुनगरला एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करणारी एक तरुणी आहे. बी.कॉम. झाले आहे, टॅली आणि जीएसटीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याची जाहिरात रविवारी, 7 जूनला, वर्तमानपत्रात येते: अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, आठ दिवसांत बायोडेटा ईमेलने पाठवावा. खाली एचआर विभागाचा ईमेल पत्ता. ती शुक्रवारी, 12 जूनला संध्याकाळी अर्ज पाठवते. पुढच्या शुक्रवारी, 19 तारखेला, आठवडा पूर्ण होतो आणि उत्तर आलेले नसते.

त्या आठवड्यात कारखान्यात काय घडत असेल ते पाहू. अशा कारखान्यात एचआर म्हणजे पुष्कळदा एकच व्यक्ती असते. हजेरी, कंत्राटी कामगारांचे कागद, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, कॅन्टीनच्या तक्रारी आणि भरती हे सगळे तिच्याच टेबलावर असते. जाहिरातीत आठ दिवसांची मुदत दिल्यामुळे ती 15 तारखेपर्यंत अर्ज फक्त साठवत राहते. सगळे अर्ज हाती आल्याशिवाय चाळणी लावण्यात अर्थ नसतो. शिवाय 15 तारीख ही भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयचे पैसे भरण्याची शेवटची तारीख. म्हणजे अर्ज प्रत्यक्षात उघडून पाहायला ती 16 किंवा 17 तारखेला बसणार. त्यातून पात्रतेत न बसणारे बाजूला काढून आठ-दहा अर्ज ती अकाउंट्सच्या व्यवस्थापकांकडे पाठवणार. मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे ती ठरवत नाही, ते ठरवतात.

आता त्या व्यवस्थापकांचा जून महिना पाहा. 7 तारखेला टीडीएस भरायचा. 11 तारखेला विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-1. 14 तारखेला पोर्टलवर 2बी तयार होते, तिच्याशी खरेदीची बिले जुळवायची. 15 तारखेला आगाऊ कराचा पहिला हप्ता. आणि 20 तारखेला 3बी, जिच्याबरोबर कराची रक्कमही भरायची असते. पुरवठादाराने बिल चढवले नसेल तर त्याला फोन करायचे, नाही तर तेवढ्या कराची वजावट त्या महिन्यात हातची जाते. अशा दिवसांत एचआरने पाठवलेले दहा बायोडेटा ते उघडतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते आळशी नाहीत, त्यांना उमेदवारांबद्दल तिरस्कारही नाही. नवा माणूस हवा म्हणून त्यांनीच तर मागणी केलेली असते. पण 20 तारखेच्या आत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

थोडक्यात, अर्जदाराला जो आठवडा शांततेचा वाटतो, तो तिथे कामाने गच्च भरलेला असतो. 19 तारखेला पोहोचलेल्या मेलला एचआरकडे द्यायला उत्तरच नसते, कारण निर्णय घेणाऱ्याने अजून यादी पाहिलेली नाही. मग एचआर मेल वाचते, ‘नंतर कळवू’ असे मनात म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. एकदा वाचून बाजूला पडलेला मेल पुन्हा वर येणे अवघड असते. दिवस चुकल्यामुळे चांगला लिहिलेला मेलही वाया जातो.

गंमत पाहा: या सगळ्या तारखा आपल्या उदाहरणातल्या तरुणीला तोंडपाठ आहेत. ती रोज हेच काम करते. ज्या खात्यात अर्ज केला, त्या खात्याचे कॅलेंडर बहुधा उमेदवाराला ठाऊक असते, फक्त मेल पाठवताना ते कोणी समोर ठेवत नाही. शाळेत अर्ज केला असेल तर परीक्षा आणि निकालाचे दिवस टाळायचे. विक्री खात्यात केला असेल तर महिन्याचे शेवटचे चार दिवस आणि तिमाहीचा शेवट टाळायचा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बोनसचे हिशेब चालू असतात, आणि नंतरच्या आठवड्यात निम्मे लोक गावी असतात.

आठवडा मोजायचा कुठून, हाही प्रश्न आहेच. जाहिरातीत अंतिम तारीख दिली असेल तर मोजणी त्या तारखेपासून सुरू करावी, आपण अर्ज पाठवल्यापासून नव्हे. मुदतीच्या पहिल्याच दिवशी अर्ज करणारे उत्साही उमेदवार इथे फसतात. त्यांचा आठवडा संपतो तेव्हा अर्ज घेणे अजून चालू असते. अंतिम तारीख दिलेलीच नसेल, तर अर्जाच्या दिवसापासून मोजावे आणि त्यातल्या सुट्ट्या वगळाव्यात. सुट्टीचा दिवसही ठिकाणाप्रमाणे बदलतो. आठवड्याच्या मध्यावर, मंगळवार ते गुरुवार, मेल पाठवावा, असे सांगितले जाते आणि शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या कार्यालयांसाठी ते ठीक आहे. पण भोसरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी काम चालू असते. तिथे गुरुवारी सकाळी पाठवलेला मेल शुक्रवारच्या ढिगात सगळ्यांत खाली सापडतो.

आता आपल्या उदाहरणातली तारीख ठरवू. मुदत 15 जूनला संपली. 18 तारखेला गुरुवारची सुट्टी गेली. 20 तारखेला, शनिवारी, 3बी झाली. 21 आणि 22 तारखेला व्यवस्थापक मागे पडलेली कामे उरकतील. 25-26 नंतर एचआर पगाराच्या हजेरीत बुडेल. मधली मोकळी जागा उरते ती 23 आणि 24 तारखेची. मंगळवार, 23 जून, सकाळी साडेदहा. अर्ज पाठवल्यापासून अकरा दिवस झाले, पण कामाच्या दृष्टीने पाहिले तर मुदत संपून जेमतेम आठवडा.

साडेदहाच का? रात्री पावणेबाराला पाठवलेला मेल सकाळी इतर पंचवीस मेलांच्या खाली असतो. शिवाय मेलवर वेळ दिसते, आणि मध्यरात्रीची वेळ वाचणाऱ्याला उगीच अस्वस्थपणा दाखवते. कार्यालय उघडून तासभर झाला की पहिली धांदल ओसरलेली असते. त्या वेळी आलेला मेल सगळ्यांत वर दिसतो. अर्जदार स्वतः त्या वेळी नोकरीवर असेल, तर मेल आदल्या रात्री लिहून वेळ लावून ठेवता येतो. जीमेलमध्ये 2019 पासून ही सोय आहे: Send बटणाच्या शेजारच्या बाणावर दाबले की Schedule send असा पर्याय येतो. सध्याच्या मालकाच्या संगणकावरून आणि त्याच्या वेळेत दुसऱ्या नोकरीचे मेल पाठवू नयेत, म्हणूनही ही सोय उपयोगी आहे.

मेल लिहायला बसण्यापूर्वी एक तपासणी करावी. कित्येकदा समोरच्याकडून उत्तर न येण्याचे कारण आपल्याच मेलबॉक्समध्ये पडलेले असते. पाठवलेल्या मेलांच्या कप्प्यात जाऊन अर्जाचा मेल उघडावा. पत्ता जाहिरातीतल्या पत्त्याशी अक्षर अक्षर जुळवून पाहावा. वर्तमानपत्रात बारीक छपाईत आलेल्या पत्त्यात एल आणि वन, ओ आणि शून्य यांची अदलाबदल सहज होते. पत्ता चुकला असेल तर काही मिनिटांत Mail Delivery Subsystem या नावाने मेल परत आलेला असतो. तो इंग्रजीत आणि यंत्राने लिहिलेला असल्यामुळे पुष्कळ जण तो न वाचताच पुसतात. मग बायोडेटा खरोखर जोडला होता का ते पाहावे. जोडण्याऐवजी ड्राइव्हची लिंक दिली असेल, तर ती दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहावी. परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला फक्त ‘प्रवेश मागा’ असा पडदा दिसतो, आणि परवानगी मागत बसायला कोणाला वेळ नसतो. शेवटी Spam चा कप्पा. जीमेल त्यातले मेल तीस दिवसांनी आपोआप काढून टाकते. मुलाखतीचे बोलावणे तिथे पडून असेल तर ते कायमचे जाते. आणि अनोळखी क्रमांकावरून आलेले, न घेतलेले फोनही पाहावेत. लहान कारखाने मेलला मेलने उत्तर देत नाहीत, ते सरळ फोन करतात.

या तपासणीत चूक सापडली, तर पाठपुराव्याचा मेल पाठवायचाच नाही. योग्य पत्त्यावर, योग्य जोडणीसह अर्जच पाठवायचा आणि मुदत संपली असेल तर एका वाक्यात तसे सांगायचे.

सगळे ठीक असेल, तर लिहायला बसावे. पण कोरा मेल उघडून नव्हे. आपल्याच 12 तारखेच्या मेलवर जाऊन त्याला उत्तर द्यायचे. जीमेलमध्ये आपण पाठवलेल्या मेलला उत्तर दिले की पत्त्याच्या जागी मूळ पत्ता आपोआप येतो, विषयाची ओळ तीच राहते आणि जुना मजकूर खाली लागतो. विषयाची ओळ बदलू नये, बदलली की जीमेल त्याचे वेगळे संभाषण करते. याचा फायदा समोरच्याला होतो. एचआरला आपला अर्ज शोधावा लागत नाही. तिने हा मेल तसाच अकाउंट्सच्या व्यवस्थापकांकडे पुढे पाठवला, तर त्यांना एकाच ठिकाणी नवा मजकूर, जुना अर्ज आणि अर्जाची तारीख दिसते. एक लक्षात ठेवावे: उत्तर देताना जुन्या मेलची जोडणी पुन्हा जात नाही. बायोडेटा नव्याने जोडावा लागतो. फाइलचे नाव resume_final_new2 असे असेल तर ते बदलून स्वतःचे नाव आणि पद असे करावे. कारण ती फाइल आता कुणाच्या तरी संगणकावर, अशाच नावाच्या दहा फाइलींत जाऊन बसणार आहे.

आता भाषा. आपल्याकडे पाठपुराव्याच्या मेलची भाषा दोन ठिकाणांहून उचलली जाते. एक, सरकारी स्मरणपत्रातून. दुसरी, विनवणीच्या अर्जातून. पहिल्या तऱ्हेचा मेल असा होतो:

‘महोदय, मी दि. 12 रोजी आपल्याकडे रीतसर अर्ज केला होता. एक आठवडा उलटूनही आपल्याकडून कोणतेही उत्तर प्राप्त झालेले नाही. तरी माझ्या अर्जाचे काय झाले, हे कळवण्याची तसदी घ्यावी. त्वरित उत्तराची अपेक्षा आहे.’

व्याकरणाने यात काही चुकले नाही. तरीही वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ‘उलटूनही’ आणि ‘कोणतेही’ यांतले दोन ‘ही’ मिळून आरोप करतात. ‘तसदी घ्यावी’ हे शब्द नम्रतेचे म्हणून जन्माला आले असतील, आज ते टोमणा म्हणून वाचले जातात. ‘त्वरित उत्तराची अपेक्षा’ ही भाषा देणेकऱ्याशी बोलण्याची आहे. अर्जदाराचे कारखान्याकडे काही देणे निघत नाही. आणि वाचणारी व्यक्ती तीच आहे, जी पुढे आपले नाव यादीत ठेवणार किंवा काढणार आहे. जेंटल रिमाइंडर असे विषयाच्या ओळीत इंग्रजीत लिहिल्यानेही हा दोष जात नाही. कार्यालयांत हे शब्द थकलेल्या बिलांसाठी इतके वापरले गेले आहेत की त्यांतला सौम्यपणा झिजून गेला आहे.

दुसऱ्या तऱ्हेचा मेल याच्या उलट असतो. आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितलेली असते, घरची परिस्थिती सांगितलेली असते, ‘कृपा करून माझा विचार व्हावा, मी आजन्म ऋणी राहीन’ असे लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याची अडचण खरी असते, यात मला शंका नाही. पण एचआर त्या अडचणीवर निर्णय घेऊ शकत नाही. तिला व्यवस्थापकांपुढे ठेवता येईल असे त्यात काही नसते. वाचून वाईट वाटते आणि वाईट वाटले की माणूस उत्तर टाळतो. काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून.

मग लिहायचे काय? माझ्या मते पाठपुराव्याच्या मेलमध्ये एक गोष्ट अशी हवी, जी 12 तारखेच्या अर्जात नव्हती. ‘अर्ज पाहिला का?’ एवढेच विचारणारा मेल वाचणाऱ्याला फक्त काम देतो. त्यात नवी माहिती असेल, तर तो पुढे पाठवण्याजोगा होतो. आपल्या तरुणीकडे अशी माहिती आहे. 12 ते 20 तारखेदरम्यान ती स्वतः बिले जुळवत होती, विवरणपत्रे भरत होती. शिवाय अर्जात एक गोष्ट लिहायची राहिली होती: नोकरी सोडताना तिला किती दिवसांची सूचना द्यावी लागते. निवड करणाऱ्याला हे हमखास हवे असते, कारण दोन सारख्या उमेदवारांत जो लवकर रुजू होईल तो जवळचा वाटतो. तिचा मेल असा होईल:

‘नमस्कार मॅडम,

अकाउंट्स असिस्टंट पदासाठी मी 12 जूनला अर्ज पाठवला होता. तो याच मेलच्या खाली आहे. सोयीसाठी बायोडेटा पुन्हा जोडला आहे.

अर्जात दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. खरेदीची बिले 2बीशी जुळवण्याचे आणि 3बी भरण्याचे काम मी सध्या स्वतंत्रपणे करते. मे महिन्याचे हे काम 20 तारखेपूर्वी पूर्ण केले, त्यात दोन उत्पादक कारखान्यांची खाती होती. सध्याच्या नोकरीत मला 30 दिवसांची सूचना द्यावी लागते.

या पदासाठी मुलाखती साधारण कधी होतील, हे कळू शकेल का? भेटीसाठी मी कोणत्याही दिवशी दुपारी 3 नंतर येऊ शकते.

आपली,’

आणि खाली नाव, मोबाइल क्रमांक.

सुरुवातीला ‘मॅडम’ आहे, कारण जाहिरातीत एचआरच्या बाईंचे नाव होते असे आपण धरले आहे. नाव माहीत नसेल तर ‘नमस्कार,’ एवढेच पुरते. अंदाजाने ‘सर’ लिहू नये. पहिल्या परिच्छेदात ओळख पटते: कोणते पद, कोणती तारीख, कागद कुठे आहे. ‘उत्तर आले नाही’ असे कुठेही म्हटलेले नाही. उत्तर आले नाही हे दोघांनाही माहीत आहे, ते उच्चारले की त्याची तक्रार होते. दुसऱ्या परिच्छेदात नवी माहिती आहे आणि ती मोजकी आहे. कारखान्यांची नावे दिलेली नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. करसल्लागाराकडे काम करणाऱ्याने ग्राहकांची नावे बाहेर सांगितली, तर अकाउंट्सचा व्यवस्थापक पहिली नोंद त्याचीच घेईल. शेवटी एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एचआर कोणालाही न विचारता एका ओळीत देऊ शकते: ‘पुढच्या आठवड्यात’, ‘अजून ठरले नाही’ किंवा ‘जागा भरली’. ‘माझी निवड होईल का?’ असे विचारले असते, तर तिला उत्तर देणे शक्यच नव्हते. ‘कृपया’ एकदाही आलेले नाही. मराठीत ‘कळू शकेल का’ या क्रियापदातच विनंती असते.

हाच मजकूर अनेक ठिकाणी इंग्रजीत जाईल. आराखडा तोच ठेवावा आणि वाक्ये लहान ठेवावीत. मूळ अर्ज ज्या भाषेत केला त्याच भाषेत पाठपुरावा करावा.

हा मेल एचआरलाच जायला हवा. मालकाला किंवा संचालकांना त्याची प्रत लावणे हा मोह टाळावा. प्रत लावली की त्याचा अर्थ ‘तुमची तक्रार वर केली आहे’ असा होतो. मेल उघडला का, हे गुपचूप कळवणारी साधनेही वापरू नयेत. उघडला आणि उत्तर नाही, हे कळून आपली झोप जाते आणि करता काहीच येत नाही. फोन करायला हरकत नाही, पण जाहिरातीत फोन क्रमांक दिलेला असेल तरच, एकदाच, आणि मेल पाठवल्यानंतर दोन दिवसांनी. व्हॉट्सअॅपचेही तेच.

काही ठिकाणी मात्र हा मेल पाठवूच नये. स्पर्धा परीक्षा, बँका, जिल्हा परिषदा आणि महामंडळांच्या भरतीत वेळापत्रक संकेतस्थळावर जाहीर होते आणि तेच पाहायचे असते. त्यांच्या जाहिरातींत वैयक्तिक पत्रव्यवहार केला जाणार नाही, असे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. कोणत्याही मार्गाने दबाव आणल्यास उमेदवारी रद्द होईल, असेही लिहिलेले असते. तिथे ‘माझ्या अर्जाचा विचार व्हावा’ असा मेल निरुपयोगी तर आहेच, पण अडचणीतही आणू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज केला असेल आणि पोच no-reply अशा पत्त्यावरून आली असेल, तर त्या पत्त्यावर उत्तर देऊन उपयोग नाही, ते कोणी वाचत नाही. पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहावी. कंपनीतल्या कोणी ओळखीच्या व्यक्तीने आपले नाव सुचवले असेल, तर पाठपुरावाही त्याच व्यक्तीमार्फत करावा, तिला आत विचारता येते. आणि मुलाखत होऊन गेली असेल व ‘शुक्रवारपर्यंत कळवू’ असे सांगितले असेल, तर आठवड्याचा हिशेब लागू होत नाही. शुक्रवार जाऊ द्यावा, पुढचे दोन कामाचे दिवस जाऊ द्यावेत, मग विचारावे.

23 जूनच्या मेलला उत्तर आले तर बहुधा तीनपैकी एक असते. फोन येतो आणि उद्याच बोलावतात, म्हणून दुपारी 3 नंतर येऊ शकते असे लिहिले असेल तर खरोखर जाता आले पाहिजे. किंवा जागा भरली असे कळते. त्याला दोन ओळींचे आभाराचे उत्तर द्यावे. निवडलेला उमेदवार रुजूच झाला नाही, असे अकाउंट्समध्ये पुष्कळदा घडते आणि मग एचआर त्याच संभाषणात खाली जाऊन पुढचे नाव शोधते. किंवा ‘प्रक्रिया चालू आहे’ असे मोघम उत्तर येते. ते मोघम असले तरी खरे असते. त्यावर लगेच पुन्हा प्रश्न विचारू नये.

उत्तर आलेच नाही, तर दुसरा आणि शेवटचा मेल दोन आठवड्यांनी. दोन आठवडे 7 जुलैला होतात, पण 7 तारखेला टीडीएस आहे आणि एचआरकडे पगाराची शेवटची गडबड. बुधवार, 8 जुलै बरा, कारण 9 तारखेला गुरुवारची सुट्टी आणि 11 तारखेला पुन्हा जीएसटीआर-1. हा मेल पहिल्यापेक्षा लहान असावा: ‘12 जूनच्या अर्जाबाबत हा माझा शेवटचा मेल. या पदासाठी निवड झाली असल्यास समजू शकते. पुढे अकाउंट्समध्ये जागा निघाली तर माझा बायोडेटा जरूर पाहावा.’ ‘शेवटचा मेल’ या शब्दांत राग नाही, समोरच्याला मोकळे केलेले आहे, आणि अनेकदा उत्तर याच मेलला येते. न आल्यास तिसरा मेल नाही. तोपर्यंत इतर ठिकाणी गेलेले अर्ज, त्यांच्या तारखा आणि त्या त्या ठिकाणची सुट्टी एका वहीत लिहून ठेवलेली असावी, म्हणजे एकाच ठिकाणी चुकून दोनदा विचारले जात नाही.

या सगळ्या वेळापत्रकाला एकच अपवाद आहे. आठवडा पूर्ण होण्याआधीच दुसरीकडून नोकरीचे पत्र हाती आले आणि त्याला अमुक तारखेपर्यंत होकार द्यायचा असेल, तर थांबू नये. त्याच दिवशी, त्याच जुन्या मेलला उत्तर देऊन लिहावे: ‘मला दुसरीकडून नियुक्तिपत्र आले आहे आणि 26 जूनपर्यंत उत्तर द्यायचे आहे. मला आपल्याकडे काम करायला अधिक आवडेल. त्याआधी मुलाखत शक्य आहे का?’ अशा वेळी एचआर 19 तारखेलासुद्धा उठून व्यवस्थापकांच्या टेबलापाशी जाते, कारण आता तिच्याकडे त्यांना सांगण्याजोगी तारीख असते. मात्र ते पत्र खरोखर हातात असले पाहिजे. एमआयडीसीतल्या एचआरच्या लोकांची एकमेकांशी ओळख असते, आणि ‘कोणत्या कंपनीचे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.